‘मेल टाक एकदा’: चॅटमधल्या गप्पांपासून राजीनाम्याच्या पत्रापर्यंत

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत राजीनाम्याची सुरुवात पत्रानं क्वचितच होते. ती ऑफिसच्या चॅटवरच्या एका ओळीनं होते : ‘सर, थोडं बोलायचं होतं.’ ही ओळ वाचली की मुरलेल्या मॅनेजरला पुढचं बरंचसं कळलेलं असतं. पुढचे दहा संदेश मोकळेपणानं होतात आणि शेवटी मॅनेजर म्हणतो, ‘ठीक आहे, मेल टाक एकदा.’ खरी अडचण इथून सुरू होते. बोलताना सुचलेलं सगळं मेलमध्ये कसं उतरवायचं, काय ठेवायचं, काय गाळायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं.

एक नमुना घेऊन हे नीट पाहू. हिंजवडीतली एक कंपनी विम्याचे हप्ते भरण्याचं मोबाइल अ‍ॅप बनवते. तिथे एक टेस्टर पावणेपाच वर्षं काम करते आहे. टेस्टर म्हणजे अ‍ॅप लोकांच्या हाती जाण्याआधी ते वापरून, ताणून, चुकीची माहिती भरून पाहणारी आणि त्यातल्या चुका शोधून नोंदवणारी व्यक्ती. तिचा नवरा नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला आहे आणि आता तिचाही व्हिसा आला आहे. मॅनेजरशी तिचं बोलणं असं झालं :

‘सर, आहात का? थोडं बोलायचं होतं.’

‘बोल ना.’

‘ह्यांचं स्टुटगार्टचं झालं होतं ना, आता माझापण व्हिसा आला. त्यामुळे मलाही बहुतेक निघावं लागेल.’

‘अरे वा, अभिनंदन! कधी?’

‘मेमध्ये कधीतरी. तुम्ही लवकर सोडलंत तरी चालेल मला.’

‘आणि पेमेंटचं रिग्रेशन? ते तर तूच बघतेस.’

‘ते सगळं हँडओव्हर करते ना. काही अडलं तर तिकडूनही बघेन, कधीही कॉल करा.’

‘ठीक आहे, मेल टाक एकदा.’

राजीनाम्याला लागणारा सगळा माल या संवादात आहे. नोकरी सोडायची आहे, कारण आहे, वेळ आहे, काम सोपवण्याची तयारीही आहे. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पत्रात जाऊ शकत नाही. ‘पेमेंट कधीकधी होत नाही’ एवढंच लिहिलेला बग रिपोर्ट डेव्हलपर परत पाठवतो, कारण कोणत्या फोनवर, कोणत्या पायरीला, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे त्यात नसतं. ‘मेमध्ये कधीतरी’ हे वाक्य त्याच जातीचं आहे. टेस्टरला हे काम नवीन नाही. रोज दुसऱ्याच्या कामाला लावते ती काटेकोर नजर तिला या वेळी स्वतःच्या वाक्यांना लावायची आहे.

‘बहुतेक’ आणि ‘कधीतरी’

पहिला शब्द काढायचा तो ‘बहुतेक’. ‘मी राजीनामा देण्याचा विचार करते आहे’ किंवा ‘मला निघावं लागेल असं वाटतं’ अशा वाक्यांनी नोटीस सुरू झाली की नाही, यावर नंतर वाद होऊ शकतो. पत्रात एक सरळ वाक्य हवं : मी या पदाचा राजीनामा देत आहे. त्याला अटही जोडायची नाही. ‘सगळं जमून आलं तर’ असं लिहावंसं वाटत असेल, तर पत्राची वेळ अजून आलेली नाही असं समजावं. म्हणूनच परदेशी जाणाऱ्यानं व्हिसा हातात येईपर्यंत पत्र देऊ नये. मात्र व्हिसावरच्या तारखाही त्याच वेळी बघाव्यात. त्या देशात प्रवेश करायची मुदत नोटीसच्या मुदतीआधीच संपत असेल, तर लवकर सुटण्याची बोलणी पत्राआधी करावी लागतात, पत्रानंतर नाही.

मग तारीख. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटीसची मुदत बऱ्याचदा दोन किंवा तीन महिन्यांची असते आणि ती नेमणूकपत्रात लिहिलेली असते. सहकाऱ्याला विचारून हे ठरवू नये. दोघे एकाच टीममध्ये असले, तरी वेगवेगळ्या वर्षी आल्यामुळे त्यांची कलमं वेगळी असू शकतात. आपल्या टेस्टरच्या नेमणूकपत्रात ‘९० दिवस’ असं आहे. ती पत्र देणार आहे सोमवारी, २ फेब्रुवारी २०२६ ला.

आता मोजू. पत्राचा दिवस सोडून ३ फेब्रुवारीपासून मोजलं, तर नव्वदावा दिवस ३ मे येतो. तो रविवार आहे. पत्राचा दिवसही धरला तर २ मे, म्हणजे शनिवार. नेमणूकपत्रात ‘९० दिवस’ऐवजी ‘तीन महिने’ असं असतं, आणि पत्राचा दिवस धरला असता, तर मुदत १ मे ला संपली असती. तो शुक्रवार खरा, पण महाराष्ट्र दिनाची सुटी. म्हणजे कसंही मोजलं तरी कामाचा शेवटचा दिवस एक तर गुरुवार ३० एप्रिल ठरतो, नाहीतर सोमवार ४ मे. ३० एप्रिल धरला तर मुदतीला काही दिवस कमी पडले असं कंपनी म्हणू शकते आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापू शकते. ४ मे धरला तर वादाला जागाच राहत नाही. म्हणून पत्रात नुसतं ‘९० दिवसांनी’ न लिहिता वारासकट तारीख लिहायची : सोमवार, ४ मे २०२६. विमानाचं तिकीट त्यानंतरचं काढायचं, आधीचं नाही.

‘लवकर सोडलंत तरी चालेल’

संवादातलं सगळ्यात महाग वाक्य हे आहे. ते सौजन्यानं बोललं जातं, पण चॅटमध्ये लिहिलेलं राहतं. त्यातून दोन गोष्टी ठरू शकतात आणि दोन्हींचा हिशेब पैशांत होतो.

पहिली गोष्ट अशी की नोटीस अर्धवट सोडायची मागणी कोणाची, यावर पैसे कोणी कोणाला द्यायचे हे ठरतं. कर्मचाऱ्याला लवकर जायचं असेल, तर उरलेल्या दिवसांचे पैसे त्याच्या हिशेबातून वळते होतात. याला कंपन्यांत बायआउट म्हणतात. कंपनीला तिच्या सोयीसाठी माणूस लवकर मोकळा करायचा असेल, तर कित्येक करारांत उरलेल्या दिवसांचा पगार कंपनीनं द्यायचा असतो. ‘चालेल मला’ या दोन शब्दांनी ही मागणी कंपनीची होती की तिची, हेच पुसट होतं.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. आपली टेस्टर १९ एप्रिल २०२१ ला रुजू झाली आहे, म्हणजे तिची पाच वर्षं १८ एप्रिल २०२६ ला पुरी होतात. ४ मे पर्यंत ती कामावर राहिली तर हक्क निर्विवाद आहे. मॅनेजरनं तिच्या शब्दाला मान देऊन तिला ३ एप्रिललाच सोडलं, तर पाच वर्षांना जेमतेम पंधरवडा कमी पडेल. हिशेबाचं सूत्र सोपं आहे. महिन्याच्या ज्या पगारावर ग्रॅच्युइटी मोजतात, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. तो पगार ४०,००० रुपये धरला, तर पाच वर्षांचे साधारण १ लाख १५ हजार रुपये होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तरी पुरे, असं मत काही निकालांत आलेलं आहे. पण त्यासाठी परदेशातून कंपनीशी पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा पंधरा दिवस जास्त काम केलेलं सोपं.

त्यामुळे पत्रात या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य येतं : ठरलेल्या तारखेआधी मोकळं करायचं झाल्यास ती तारीख आपण दोघांनी लेखी ठरवावी. यात नकार नाही आणि घाईची तयारीही नाही.

कारण एका ओळीत

व्हिसा, नवऱ्याची नोकरी, स्टुटगार्टचं घर, मुलीची शाळा हे सगळं मॅनेजरशी बोलताना ठीक असतं. पत्र मात्र मॅनेजरपुरतं राहत नाही. ते एचआरच्या फायलीत जातं आणि पुढे कधी कोणी पार्श्वभूमी तपासायला फोन केला, तर तिथे बसलेली अनोळखी व्यक्ती तीच फाइल उघडते. म्हणून ‘कुटुंबासह जर्मनीला स्थलांतर करत असल्यामुळे’ एवढं पुरतं. व्हिसाचा प्रकार, नवऱ्याच्या कंपनीचं नाव, परत येणार की नाही, यातलं काही नोटीसला लागत नाही.

तक्रारही इथे नको. दोन वर्षांपूर्वी अडकलेली बढती पत्रात आली की सोडण्याची दोन कारणं होतात. मग मॅनेजर दुसऱ्या कारणावर बोलायला लागतो, पगारवाढीची बोलणी निघतात आणि नोटीसचे दिवस त्यात जातात. तक्रार सांगायचीच असेल, तर तिच्यासाठी शेवटच्या आठवड्यात एचआरकडून होणारी निरोपाची मुलाखत असते.

‘सगळं हँडओव्हर करते’

पत्राचा खरा जीव या परिच्छेदात आहे आणि टेस्टरच्या बाबतीत तो लिहायला सगळ्यात अवघडही. डेव्हलपर निघून गेला तरी त्याचा कोड मागे राहतो. टेस्टरच्या टेस्ट केसेस मागे राहतात, पण त्या कशा चालवायच्या, कशाकडे दुर्लक्ष करायचं आणि कशानं दचकायचं, हे बरंचसं तिच्या डोक्यात असतं.

मॅनेजरनं विचारलेलं ‘पेमेंटचं रिग्रेशन’च घ्या. अ‍ॅपमध्ये काही नवं घातलं की आधी नीट चालणारं काही मोडलं तर नाही ना, हे पाहण्यासाठी जुन्या चाचण्या पुन्हा चालवतात. त्यालाच रिग्रेशन म्हणतात. या चाचण्यांची यादी कागदावर आहे. कागदावर नसलेल्या गोष्टी अशा : पेमेंट गेटवेच्या चाचणीच्या सोयीत एक ठरावीक यूपीआय आयडी टाकला की व्यवहार यशस्वी होतो, दुसरा टाकला की फसतो आणि पैसे मध्येच अडकल्याची अवस्था आणायची असेल तर तिसरीच युक्ती करावी लागते. ज्या पॉलिसींचा हप्ता ३१ तारखेला येतो, त्या तीस दिवसांच्या महिन्यात कशा वागतात आणि २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या विमाधारकाचं वय अ‍ॅप कसं मोजतं, हे तपासण्यासाठी तिनं काही खोटी खाती जपून ठेवली आहेत. रात्री दोन वाजता चाचणीच्या सर्व्हरवरचा डेटा नव्यानं भरला जातो. त्यामुळे त्या वेळी पडलेल्या दोन-तीन चाचण्या म्हणजे बग नव्हे, हे तिला ठाऊक आहे. नव्या माणसाला ठाऊक नसेल, तर तो रोज सकाळी डेव्हलपरच्या मागे लागेल आणि आठवड्याभरात कंटाळून लाल खुणांकडे बघणंच सोडून देईल. मग खरा बग आला तरी तो सुटेल.

याहून अवघड प्रकार म्हणजे तिच्या नावाला चिकटलेल्या गोष्टी. रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या जेनकिन्सवर लागल्या आहेत, पण कोडच्या भांडारात शिरण्यासाठी त्या तिच्या वैयक्तिक टोकनवर अवलंबून आहेत. ज्या दिवशी तिचं खातं बंद होईल, त्या रात्री चाचण्या सुरूच होणार नाहीत. उघडे बग दाखवणारे जिरामधले फिल्टर तिच्या मालकीचे आहेत आणि त्यांतले काही फक्त तिलाच दिसतात. ओटीपी येण्यासाठी चाचणीच्या फोनमध्ये घातलेलं सिम घाईच्या दिवसांत तिनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. ते तिच्याबरोबर गेलं तर लॉगिनच्या चाचण्या अडतील. मागे ठेवलं, तर परदेशात राहूनही तिच्या नावाचं सिम इथे कोणीतरी वापरत राहील.

हे सगळं पत्रात लिहायचं नाही. पत्रात हँडओव्हरचा आराखडा येतो : काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि पुरं झालं हे कशावरून कळणार. तपशील वेगळ्या कागदावर. आराखड्याला लागतात त्या गोष्टी फार नाहीत. लिखित नोंदी लागतात. नव्या माणसानं बघायची एक आणि स्वतः करायची एक अशा दोन फेऱ्या लागतात. नावावरच्या गोष्टी टीमच्या खात्यावर हलवायच्या असतात आणि वस्तू परत करायच्या असतात.

फेऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक हँडओव्हर इथेच फसतात. कंपन्यांत ज्याला केटी म्हणतात, ती बऱ्याचदा दोन तासांची बैठक असते. जाणारा बोलतो, येणारा मान डोलावतो. त्यात काय कळलं नाही हे दोघांनाही समजत नाही. त्यापेक्षा मार्चचं रिलीज टेस्टरनं तपासायचं आणि नव्या माणसानं शेजारी बसून बघायचं. एप्रिलचं रिलीज त्यानं तपासायचं आणि तिनं हात मागे बांधून शेजारी बसायचं. तो जिथे अडतो, तिथे नोंदीत काहीतरी राहून गेलेलं असतं. ते त्याच दिवशी लिहून टाकायचं.

एक अडचण मात्र तिच्या हातात नाही. नवा माणूस कधी मिळेल हे कंपनी ठरवते आणि तो कित्येकदा शेवटच्या पंधरवड्यात येतो. पत्र मॅनेजरला हुकूम देऊ शकत नाही, पण परिणाम सांगू शकतं : अमुक तारखेपर्यंत सहकारी ठरला तर दोन्ही फेऱ्या होतील, न ठरल्यास मी कामाचं रेकॉर्डिंग करून ठेवेन. त्यामुळे मे महिन्यात कोणी ‘तिनं काही सांगितलंच नाही’ असं म्हणालं, तर फेब्रुवारीचं पत्र उत्तर द्यायला असतं.

‘तिकडूनही बघेन’

हे वचन मनापासून दिलेलं असतं आणि ते पाळणं अशक्य असतं. ४ मे नंतर ती कंपनीची कर्मचारी नाही. तिनं जुन्या पासवर्डनं लॉगिन करणं हा सुरक्षेचा भंग आहे. विमाधारकांच्या माहितीबद्दल ग्राहक कंपनीशी झालेल्या करारातही ते बसत नाही. नोटीसच्या काळातच काही आठवडे जर्मनीतून काम करावं, असं मॅनेजर सुचवू शकतो. पण दुसऱ्या देशात बसून काम केलं की तिथल्या कराचे, सामाजिक विम्याचे आणि व्हिसाच्या अटींचे प्रश्न उभे राहतात. एचआरची लेखी परवानगी नसताना चॅटवर त्याला ‘हो’ म्हणू नये.

मग मदत करायचीच नाही का? करावी, पण तिला हद्द घालून. किती दिवस, कोणत्या मार्गानं आणि कशाबद्दल, हे तिन्ही लिहावं. ‘५ जूनपर्यंत, माझ्या वैयक्तिक ईमेलवर, लिखित नोंदींबद्दलचे प्रश्न’ एवढं पुरे. फोन नको, कारण फोनवर बोलणं वाढत जातं आणि मागे काही उरत नाही.

आता पत्र

प्रत्यक्षात हे पत्र इंग्रजीत जाईल, पण घडण हीच राहील. ‘बहुतेक’, ‘कधीतरी’, ‘सगळं’ आणि ‘कधीही’ हे शब्द गाळले की संवादाचं असं पत्र होतं :

> विषय : राजीनामा. कामाचा शेवटचा दिवस सोमवार, ४ मे २०२६
>
> आदरणीय सर,
>
> सीनियर टेस्ट इंजिनीअर या पदाचा मी या पत्राद्वारे राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार माझी नोटीसची मुदत ९० दिवसांची आहे. आज, सोमवार २ फेब्रुवारी २०२६ रोजी दिलेल्या या नोटीसची मुदत उद्यापासून मोजता रविवार, ३ मे रोजी पूर्ण होते. त्यामुळे सोमवार, ४ मे २०२६ हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस असेल. कुटुंबासह जर्मनीला स्थलांतर करत असल्यामुळे मी हा निर्णय घेतला आहे.
>
> त्याआधी मला कार्यमुक्त करायचे झाल्यास ती तारीख आपण दोघांनी लेखी ठरवावी, ही विनंती.
>
> कामाच्या हँडओव्हरसाठी मी पुढील वेळापत्रक सुचवते :
>
> १. शुक्रवार, १३ मार्चपर्यंत पेमेंट रिग्रेशनच्या लिखित नोंदी. यात चाचणीची खाती, ज्ञात अडचणी आणि पुढे ढकललेले बग कारणांसह असतील.
>
> २. मार्चच्या रिलीजची चाचणी मी करेन, नवीन सहकारी सोबत असतील. एप्रिलच्या रिलीजची चाचणी ते करतील, मी सोबत असेन.
>
> ३. सोमवार, २० एप्रिलपर्यंत माझ्या नावावरील सर्व स्वयंचलित कामे, फिल्टर आणि सिम टीमच्या किंवा कंपनीच्या नावावर.
>
> ४. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि चाचणीचे फोन परत, पोचपावतीसह.
>
> नवीन सहकारी शुक्रवार, २७ फेब्रुवारीपर्यंत ठरल्यास दोन्ही फेऱ्या पूर्ण होतील. न ठरल्यास दोन्ही रिलीजच्या चाचणीचे रेकॉर्डिंग मी टीमसाठी ठेवेन.
>
> कार्यमुक्त झाल्यानंतर ५ जूनपर्यंत या नोंदींबद्दलच्या लेखी प्रश्नांना मी वैयक्तिक ईमेलवर उत्तर देईन. सिस्टीममध्ये प्रवेश लागेल असे काम त्यात नसेल.
>
> राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटची तारीख कृपया लेखी कळवावी. रिलीव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र आणि अंतिम हिशेब माझ्या वैयक्तिक ईमेलवर पाठवावा.
>
> पेमेंटसारखे जोखमीचे काम आपण माझ्यावर सोपवलेत, त्यातून मला पुष्कळ शिकायला मिळाले. त्याबद्दल मनापासून आभार.
>
> (नाव, कर्मचारी क्रमांक, वैयक्तिक ईमेल)

क्रम पाहण्यासारखा आहे. चॅटमध्ये आधी कारण आलं, मग वेळ आणि शेवटी काम. पत्रात तारीख विषयाच्या ओळीतच आहे, कारण एचआरला तीच आधी लागते. कारण पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी एका वाक्यात आटोपलं आहे. सगळ्यात जास्त जागा हँडओव्हरला मिळाली आहे, कारण मॅनेजरच्या मनातला खरा प्रश्न तोच होता. आभाराच्या वाक्यात एका नेमक्या कामाचं नाव आहे, त्यामुळे ते उपचाराचं वाटत नाही.

पत्र गेल्यानंतर

मेल मॅनेजर आणि एचआर दोघांनाही पाठवायचा आणि स्वतःच्या वैयक्तिक ईमेलला प्रत ठेवायची, कारण ऑफिसचं खातं बंद झालं की त्यातला पुरावाही जातो. बऱ्याच कंपन्यांत राजीनामा एचआरच्या पोर्टलवरही नोंदवावा लागतो आणि नोटीसचे दिवस त्या नोंदीपासून मोजले जातात. मेल सोमवारी गेला आणि पोर्टलवरची नोंद गुरुवारी झाली, तर तीन दिवस सरळ पुढे ढकलले जातात. म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी उरकावीत.

मग स्वीकृतीच्या उत्तराची वाट पाहायची. ते उत्तर लेखी आणि आपल्यापर्यंत पोचलेलंच हवं, हे किती महत्त्वाचं आहे ते कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात दिसतं. त्यानं २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि नंतर तो मागे घेतला. राजीनामा आधीच मंजूर झाला होता, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. पण ती मंजुरी कार्यालयातल्या कागदावरच राहिली होती, ती त्याला कळवलेली नव्हती आणि मधल्या काळात त्याला कामावर हजर राहायलाही सांगितलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूनं दिला. तो सार्वजनिक उपक्रमातला मामला होता. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातल्या कलमांवर बरंच अवलंबून असतं. पण स्वीकृती पोचेपर्यंत राजीनाम्याचं काय झालं हे धूसर राहतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

स्वीकृतीचा मेल आला की त्यातली तारीख आधी बघायची. पोर्टलनं स्वतःच्या गणितानं २ मे ही तारीख टाकली असेल, तर त्याच दिवशी उत्तर देऊन ४ मे करून घ्यावी किंवा २ मे चालेल असं लेखी मान्य करून घ्यावं. मुदतीला दिवस कमी पडल्याची कपात दाखवली आहे का, हेही बघावं. शिवाय निघण्याआधी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख घातली का ते तपासावं आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर परदेशात गेल्यावरही चालू ठेवावा. त्या खात्याची पुढची कामं ओटीपीवर होतात आणि तो ओटीपी त्याच नंबरवर येतो.

हँडओव्हर पुरा झाला की नाही, हे ठरवायची पद्धतही टेस्टरची स्वतःचीच आहे : तपासून बघायचं. शेवटच्या आठवड्यात, सोमवार २७ एप्रिलच्या संध्याकाळी, तिनं आयटी विभागाला सांगून आपलं टोकन आणि आपलं खातं रात्रीपुरतं बंद करून घ्यावं आणि नव्या सहकाऱ्याला सकाळचा रिपोर्ट एकट्यानं उघडायला सांगावं. रात्रीच्या चाचण्या सुरूच झाल्या नाहीत, एखादा फिल्टर सापडला नाही किंवा ओटीपी भलत्याच फोनवर गेला, तर राहून गेलेली गोष्ट नावासकट समोर येते. ती दुरुस्त करायला त्या दिवशी तिच्या हातात कामाचे चार दिवस असतात आणि खातं पुन्हा उघडून द्यायला आयटीचा माणूस त्याच मजल्यावर असतो. ५ मे च्या सकाळी हीच गोष्ट उघडकीला आली, तर तिच्या हातात करण्यासारखं काही उरणार नाही.